केस बदलायचे की चेहरा?

आवडलेल्या केशरचनेच्या फोटोवर आपला चेहरा बसवला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण तो फेस स्वॅप झाला. त्यात डोळे, नाक, ओठ आपले येतात. डोक्याचा आकार, कान, मान आणि बहुतेकदा जबड्याची कडही त्या दुसऱ्या व्यक्तीचीच राहते. ती रचना आपल्याला शोभेल का, हे त्यावरून कळतच नाही.

केशरचना बदलताना आपलाच फोटो पाया असतो आणि दुसऱ्या फोटोतून फक्त केस घ्यायचे असतात. खरी कसोटी लागते ती कपाळावर बटा असलेल्या फोटोला मागे बांधलेले केस लावताना. बटांखालचं कपाळ आणि झाकलेले कान मूळ फोटोत नाहीतच, ते चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेलला अंदाजाने रंगवावे लागतात. शिवाय पुष्कळ मॉडेल अख्खं चित्र नव्याने घडवतात, त्यात चेहराही किंचित सरकतो. म्हणून मास्क लावून, म्हणजे फक्त चेहऱ्याचा भाग आखून, मूळ चेहरा परत बसवतात. तेव्हा जुन्या बटांची सावली कपाळावर राहिली, तर जोड लगेच उघडा पडतो.

तपासायचं असेल तर दोन्ही फोटो एकावर एक ठेवून वरचा चालू-बंद करा. गालावरचा तीळ हलला किंवा पापणीची घडी बदलली, तर चेहरा जपला गेलेला नाही.