शाडूचे वर्ग की भट्टीचे वर्ग? मे महिन्यातील मातीकाम शिबिराची नोंदणी

दादर पश्चिमेच्या आमच्या कार्यशाळेत यंदा मुलांसाठी मातीकामाचे दोन वर्ग घेतले जाणार असून, नोंदणीपूर्वी पालकांना निवड करता यावी म्हणून त्यांतील फरक येथे मांडत आहोत.

पहिला वर्ग शाडूचा आहे. तो 6 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी असून 4 ते 8 मे असे सलग पाच दिवस, सकाळी 9 ते 10.30 या वेळेत भरेल. शुल्क 2,200 रुपये असून त्यात माती, रंग आणि हत्यारे धरलेली आहेत. दुसरा वर्ग भट्टीत भाजण्याच्या लाल मातीचा, 10 ते 14 वर्षांसाठी आहे. तो 4 ते 15 मे दरम्यान सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे सहा दिवस, सकाळी 11 ते 1 या वेळेत होईल. भाजलेल्या वस्तू 30 मे रोजी मिळतील. त्याचे शुल्क 4,500 रुपये आहे. शुल्कातील तफावत मुख्यतः भट्टीची आणि तिथवर कच्च्या वस्तू जपून नेण्या-आणण्याची आहे, शिकवण्याच्या दर्जाची नाही.

वयाची अट आम्ही का घातली, हे एका हत्तीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सात वर्षांचे मूल हत्ती करते तेव्हा पोट म्हणून मुठीएवढा भरीव गोळा घेते आणि त्याला चार पाय चिकटवते. शाडूत हे चालते. सावलीत ठेवलेला असा हत्ती हळूहळू वाळतो, पायांच्या सांध्यांना बारीक भेगा पडतात आणि त्या शाडूच्याच पातळ लगद्याने भरता येतात. पाय जोडताना दोन्ही बाजू काट्याने खरवडून मध्ये लगदा लावला असेल, तर भेगाही कमी पडतात. ही सवय आम्ही पहिल्याच दिवशी लावतो.

तोच भरीव हत्ती भट्टीत गेला तर मात्र फुटण्याचा मोठा धोका असतो. वरून कोरड्या दिसणाऱ्या मातीच्या पोटात ओल राहिलेली असते. तापमान 100 अंशांच्या पुढे गेले की त्या ओलीची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ती वस्तू फोडते, शेजारच्या मुलांच्या वस्तूंनाही इजा करते. दोष हवेच्या बुडबुड्यांना दिला जातो, पण खरे कारण बहुधा ही ओलच असते. म्हणून दुसऱ्या वर्गात हत्ती एक-दोन दिवस झाकून चामड्यासारखा घट्ट होऊ द्यावा लागतो, मग तारेने मधोमध कापून आतून कोरावा लागतो, भिंत साधारण अर्ध्या इंचाची ठेवून दोन्ही भाग पुन्हा जोडावे लागतात आणि पोटाखाली एक छिद्र ठेवावे लागते. हे थांबणे आणि हे कोरणे लहान मुलांना जमत नाही, आणि त्यांच्या हातून घाईत ते करवून घेणे आम्हाला योग्य वाटत नाही.

मुंबईच्या दमट मे महिन्यात माती वाळायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या वर्गानंतर आम्ही दहा दिवस राखून ठेवले आहेत. वस्तू गालाला लावून पाहिली आणि गार लागली, तर ती अजून ओली आहे असे समजून भट्टीत घालत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हे वाळवणे आणखी लांबते. त्यामुळे हा वर्ग पुढे ढकलता येणार नाही.

पुष्कळ मुलांना गणपतीच करायचा असतो. ती मूर्ती भाद्रपदात घरी बसवून बादलीत विसर्जित करायची असेल, तर मोठ्या मुलांनाही शाडूचाच वर्ग घ्यावा, कारण शाडू पाण्यात विरघळतो आणि भाजलेली माती विरघळत नाही. अशा मुलांसाठी वयाची वरची अट आम्ही शिथिल करतो. मात्र तोवर मूर्ती पावसाळी ओलीपासून दूर, उंच फडताळात ठेवावी लागेल. उलट पणती किंवा लहान कुंडी टिकाऊ हवी असेल, तर भट्टीचा वर्ग घ्यावा. या वस्तूंना काचेसारखी झिलई नसल्याने त्या पाणी शोषतात; म्हणून चहाचा पेला करण्याचा हट्ट मुलांना आधीच समजावून सोडवावा, अशी विनंती आहे.

सर्व काळजी घेऊनही भट्टीत एखादी वस्तू तडकू शकते. त्यासाठी प्रत्येक मूल किमान तीन वस्तू करील, असे आम्ही पाहतो. तडकलेल्या वस्तूबद्दल शुल्क परत केले जात नाही.

शाडूच्या वर्गात 12 आणि भट्टीच्या वर्गात 10 जागा आहेत. नोंदणी 20 ते 25 एप्रिल या काळात सायंकाळी 5 ते 7 दरम्यान कार्यशाळेतच होईल. नऊ-दहा वर्षांच्या मुलांबाबत शंका असल्यास त्यांना सोबत आणावे. आम्ही मुठीएवढा गोळा देऊन अंगठ्याने वाटी करायला सांगू. काठ सगळीकडे साधारण सारख्या जाडीचा आला, तर ते मूल भट्टीच्या वर्गात बसू शकेल.