कंपनीचा मेल, ऐंशी बॅगा आणि एक खरीप

आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान शहापूर तालुक्यात आहे. काउंटर दादा बघतो. मी मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टला, त्यामुळे दुकानाचा ईमेल, बिलं आणि कंपन्यांशी पत्रव्यवहार माझ्या गळ्यात. 11 एप्रिलला सकाळच्या लोकलमध्ये एका खत कंपनीचा मेल आला: भातासाठी युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे आपलं गोळी खत, दुकानात ठेवा. पहिली ऑर्डर 25 किलोच्या 80 बॅगा, 45 दिवसांची उधारी, सात दिवसांत पैसे दिले तर 4 टक्के सूट, आणि ‘शेतकरी प्रात्यक्षिकांसाठी संपूर्ण सहकार्य’. आठ महिने या अटींवर काम केल्यावर हे लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही.

आधी माल कसा होता ते सांगतो, कारण तिथे तक्रार नाही. खाचरात पाणी साचलेलं असताना वरून फेकलेल्या युरियातला बराच नत्र हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो. गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबली की तो मुळांपाशी राहतो आणि सावकाश मिळतो. कोकणात चारसूत्री भातलागवडीमुळे हे नवीन नाही. नवीन होतं ते कंपनीने स्वतः माल घेऊन दारात येणं.

मेलमधली पहिली गोची ‘45 दिवस’ या शब्दांत होती. कधीपासून 45 दिवस, ते लिहिलंच नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, बिलाच्या तारखेपासून. बिल 6 मेचं निघणार होतं, म्हणजे पैसे 20 जूनला. आता ही गोळी विकली जाते कधी? आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला. आमच्याकडे आवणी जुलैत. म्हणजे एकही बॅग विकायच्या आधी पैसे चुकते करायचे, वर भात उत्पादक शेतकऱ्याला आपण दिवाळीपर्यंत उधार द्यायचं. अंधेरीच्या ऑफिसात बसून मेल लिहिणाऱ्याला एप्रिल-मे म्हणजे सीझन वाटतो, कारण त्याचं टार्गेट तेव्हाच भरतं.

एका शनिवारी मी त्या ऑफिसात गेलो. साहेब चांगले होते, चहा दिला, ‘बघू’ म्हणाले. मी म्हटलं, बघू नको, मेलवर द्या. तीन गोष्टी मागितल्या: मुदत माल पोचल्यापासून, शिल्लक माल परत घेण्याची हमी, आणि प्रात्यक्षिकाचा माल वेगळा, आमच्या बॅगांतून नाही. पहिली मान्य झाली, तीही 60 दिवस. माल 15 मेला उतरला, म्हणजे 14 जुलै. दुसरी अर्धी मान्य झाली: ऑर्डरच्या 20 टक्क्यांपर्यंत, 31 ऑगस्टच्या आत, न फोडलेल्या बॅगा, परतीचं भाडं आमचं. तिसरीवर ‘आवश्यकतेनुसार सहकार्य’ एवढंच आलं. हा शब्द मी तेव्हाच पकडायला हवा होता.

उगम प्रमाणपत्राबद्दल मेलमध्ये एक ओळ नव्हती. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे उत्पादकाचं हे प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओ फॉर्म’, घेऊन ते आपल्या परवान्यात समाविष्ट केल्याशिवाय त्या कंपनीचं खत विकता येत नाही. आम्ही ‘आधी फॉर्म, मग ट्रक’ म्हणून अडून बसलो. दहा दिवस गेले, पण आला. पलीकडच्या गावातल्या दुकानदाराने ‘फॉर्म मागून पाठवतो’ यावर विश्वास ठेवला. तपासणीत विक्रीबंद आदेश मिळाला आणि ऐन आवणीत त्याच्या बॅगा गोडाऊनमध्ये पडून राहिल्या.

प्रात्यक्षिकं तीन ठरली होती. प्रत्येकी 10 गुंठे गोळी खतावर, शेजारचे 10 गुंठे शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीने. फील्ड ऑफिसर पोरगा कामसू होता, पण मुरबाडपासून वाड्यापर्यंत तो एकटाच. पहिल्या ठिकाणी तो 10 किलोचं एकच पाकीट घेऊन आला. हिशोब साधा आहे. चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या चार जुड्यांच्या, चौकोनात एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये 40 सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला सव्वासहा गोळ्या. 10 गुंठे म्हणजे सुमारे 1,012 चौरस मीटर, म्हणजे साधारण 6,300 गोळ्या. एक गोळी 2.7 ग्रॅमची, म्हणून 17 किलो. पाकिटात जेमतेम सहा गुंठे भागले असते. उरलेले 7 किलो दादाने आमची बॅग फोडून दिले. (त्या बॅगेचे पैसे अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहेत.)

तरी हेच प्रात्यक्षिक उत्तम झालं. दोरीला 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा बांधल्या होत्या, आवण त्या खुणांवर झाली आणि त्याच दिवशी गोळ्या दाबल्या. दोन बायांना अर्धा दिवस जास्त लागला. ‘कंबर मोडली’ म्हणाल्या, ते खरंच आहे. कापणीला दोन्ही बाजूंचा एकेक गुंठा एकाच दिवशी कापला, झोडला आणि वजन केलं: गोळीकडे 52 किलो, नेहमीच्या बाजूला 44. एका शेतावरून मी छातीठोक काही सांगणार नाही, पण वजन वीस-पंचवीस लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या ठिकाणी आवणी नेहमीसारखी वेडीवाकडी झाली आणि ऑफिसर सहा दिवसांनी उगवला. चौकोनच नाहीत तर गोळी दाबायची कुठे? अंदाजाने दाबल्या, कित्येक वरच राहिल्या. तीन आठवड्यांत शेत पट्ट्यापट्ट्याचं दिसू लागलं, इथे काळंभोर तर तिथे पिवळं. ज्याच्या शेतात हे झालं त्याचा भाऊबंद आता गोळी खताला नावं ठेवतो. तिसरं प्रात्यक्षिक झालंच नाही. मेलमध्ये आकडा आणि तारीख नसेल तर भांडायला आधार नसतो, हे तेव्हा कळलं.

विक्रीचा हिशोब असा. 14 जुलैपर्यंत 31 बॅगा गेल्या. पैसे मुदतीत भरले, पण ते भाताच्या बियाण्याच्या गल्ल्यातून काढून. ऑगस्टअखेर एकूण विक्री 53. 16 परत केल्या, त्या कंपनीने शब्दाप्रमाणे घेतल्या, क्रेडिट नोटही वेळेत दिली. याबद्दल पूर्ण मार्क. 11 उरल्या. पावसाळी दमटपणात त्यातल्या गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकळं झाली आहेत. एकेक सुटी दाबता येत नसेल तर गोळी खत ते कसलं? पुढच्या जूनमध्ये ती बॅग गिऱ्हाइकाला दाखवायची दादाला लाज वाटेल.

खरी गंमत पुढे आहे. प्रात्यक्षिकाचं वजन झालं नोव्हेंबरात. त्यानंतर दादाकडे नऊ जणांनी स्वतःहून विचारलं, ‘पुढच्या आवणीला गोळी ठेवणार ना?’ म्हणजे प्रात्यक्षिकाने विक्री वाढली, पण पुढच्या वर्षाची. यंदाच्या 80 बॅगांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पहिल्या वर्षी 30 बॅगा आणि तीन नीट प्रात्यक्षिकं, असा व्यवहार दोघांनाही परवडला असता.

गेल्या मंगळवारी पुढच्या हंगामाचा मेल आला. आता 120 बॅगा, मुदत पुन्हा 45 दिवस, प्रात्यक्षिकांना पुन्हा ‘संपूर्ण सहकार्य’. मी उत्तर लिहून दादाला पाठवलंय: 50 बॅगा, माल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मुदत 1 जुलैपासून 60 दिवस, प्रत्येक प्रात्यक्षिकाला 17 किलो वेगळे, आणि आवणीच्या दिवशी माणूस हजर नसेल तर ते प्रात्यक्षिक धरायचं नाही. दादा म्हणतो, त्या फोडलेल्या बॅगेचं पण लिही. लिहितो.