सोलापूरचा ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर: वर्षभरानंतरचा अनुभव, आणि रात्रीच्या बिलाचं भांडण

आमचा सोलर प्लांट सोलापूर जिल्ह्यात, हिशेब मात्र अंधेरीच्या ऑफिसात. १३२/३३ केव्हीचा ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर वर्षभर विनातक्रार चालला. गळती नाही, तेलाचे रिपोर्ट स्वच्छ, मे महिन्यातही वाइंडिंगचं तापमान मर्यादेत. यंत्र म्हणून बोट ठेवायला जागा नाही. पण रात्री ग्रिडकडून घेतलेल्या विजेचं बिल पाहिलं आणि डोकं फिरलं. आपण वीज विकतो तीन रुपयांच्या आत, आणि अंधार पडला की तीच वीज नऊ रुपयांच्या वर घेतो.

टेस्ट रिपोर्टमध्ये नो-लोड लॉस, म्हणजे नुसतं व्होल्टेज लावलं की लोखंडी कोअरमध्ये जाणारी वीज, २८ किलोवॅट आहे आणि फुल लोडला लोड लॉस, म्हणजे करंटमुळे वाइंडिंगमध्ये जाणारी वीज, १६० किलोवॅट आहे. खरेदीच्या वेळी सगळी घासाघीस त्या १६० वर झाली. पण लोड लॉस करंटच्या वर्गाने बदलतो. भर दुपारी १६० असला तरी सकाळी नऊला अर्ध्या लोडवर तो ४० असतो, आणि सूर्य मावळला की शून्य. २८ किलोवॅटला मात्र सुट्टी नाही. कोअरला व्होल्टेज मिळतंय तोवर तो चोवीस तास जळतो. आमच्या लोडच्या नोंदी घेऊन हिशेब केला, तर वर्षाला लोड लॉस साधारण १.७ लाख युनिट निघतो आणि नो-लोड जवळपास २.४५ लाख. कागदावर सहापट लहान असलेला आकडा वर्षभरात मोठा ठरतो. थर्मल स्टेशनसाठी, जिथे मशीन दिवसरात्र लोडवर असतं, लिहिलेलं लॉसचं मूल्यांकन सोलरच्या टेंडरमध्ये जसंच्या तसं उचललं की हेच होतं.

सप्लायरच्या सर्व्हिस विभागाशी तीन महिने मेल चालले. उत्तर एकच: लॉस हमीच्या आत आहेत. आहेतच, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न वेगळा होता. आमच्या शिफ्ट इंजिनिअरने रात्री दोनला फोन केला, "सर, दिवसापेक्षा गुणगुण जास्त वाटतेय." लोड नसताना आवाज वाढावा कसा? त्याला ३३ केव्हीच्या पॅनेलवरचं व्होल्टेज वाचायला सांगितलं. ३४.५ होतं.

इथून माझं मत बदललं. रात्री लाइनवर भार कमी, त्यामुळे ग्रिडचं व्होल्टेज चढतं. वाइंडिंगचा टॅप बदलून व्होल्टेज सांभाळणारं आरटीसीसी पॅनेल कमिशनिंगपासून मॅन्युअलवर होतं, म्हणून टॅप जागचा हलत नव्हता. व्होल्टेज साडेचार टक्के जास्त म्हणजे कोअर लॉस किमान नऊ टक्के जास्त, कारण तोही साधारण वर्गानेच वाढतो आणि कोअर सॅच्युरेशनकडे झुकला की त्याहूनही वेगाने. शिवाय हा भार एकट्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर नाही. त्याच ३३ केव्ही बसवर इन्व्हर्टरचे चार ट्रान्सफॉर्मर बसलेत, प्रत्येकी ९ किलोवॅट नो-लोडचे. चौघांचे मिळून ३६, म्हणजे मोठ्याच्या २८ पेक्षा जास्त! रेटेड व्होल्टेजलाही पाचही मिळून रात्रीच्या बारा तासांत ७६८ युनिट. आमच्या दराने सात हजारांच्या आसपास, रोज.

रात्री सगळंच बंद का करत नाही, असं ऑफिसात प्रत्येकाने विचारलं. मोठा मी बंद करणार नाही. कंट्रोल रूमची सप्लाय त्यावर आहे, आणि पुन्हा चार्ज करताना क्षणभर उसळणारा इनरश करंट रेटेडच्या कित्येक पट जाऊ शकतो. रोज पहाटे वाइंडिंगला तो धक्का कोण देईल? लहान दोन मार्चमध्ये रात्री बंद ठेवून पाहिले. ब्रेकरचं आयुष्य पुरलं असतं, पण एकदा चार्जिंगला रिले ट्रिप झाला आणि सकाळचं जनरेशन हातचं गेलं. पावसाळ्यात तर थंड पडलेला टँक ओली हवा आत ओढतो, ब्रीदरचं निळं सिलिका जेल लवकर गुलाबी होतं. तो प्रयोग तिथेच सोडला.

त्याऐवजी आरटीसीसी ऑटोवर घेतलं आणि रात्रीचा सेट पॉइंट ३२.५ केव्ही ठेवला. एलव्हीचे, म्हणजे ३३ केव्हीच्या बाजूचे, टर्न्स ठरलेले असतात, त्यामुळे तिथलं व्होल्टेज उतरलं की पाचही कोअरचा चुंबकीय फ्लक्स उतरतो. मेन मीटरवर रात्रीची आयात आठेक किलोवॅटनी घसरली. नवीन एक स्क्रूही लागला नाही. किंमत एवढीच की टॅप चेंजरची दिवसाला दहाएक ऑपरेशन वाढली. काउंटरचं रीडिंग आता दर महिन्याला मागवतो, टॅप चेंजरमधल्या डायव्हर्टर स्विचची तपासणी त्यावर ठरेल. पहाटे इन्व्हर्टर जागे होण्याआधी सेट पॉइंट परत ३३ वर न्यावा लागतो, नाहीतर त्यांच्या व्होल्टेज मर्यादेच्या कडेला काम चालतं.

ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, पुन्हा घेईन. पण पुढच्या टेंडरमध्ये नो-लोडच्या प्रत्येक किलोवॅटचा दर रात्रीच्या खरेदीभावाने लावणार आहे, इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरनाही तोच नियम. कोअर थोडा मोठा घेऊन फ्लक्स डेन्सिटी खाली ठेवायची, स्टील जास्त लागेल, किंमत चढेल. तेवढा फरक किती वर्षांत निघतो याचा तक्ता सप्लायरकडे मागितलाय. अजून आलेला नाही.