गोळ्या मोजणारं अ‍ॅप: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

औषधाची वेळ सांगणारी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. त्यातल्या काहींमध्ये शिल्लक गोळ्या मोजायची आणि संपायच्या आधी सूचना द्यायची सोय असते. हा अनुभव तेवढ्याच सोयीचा आहे. वापर खेड्यातला: गावात मेडिकल नाही, तालुक्याला मंगळवारचा बाजार, आणि दुकानात गोळी नसली तर ती जिल्ह्याहून मागवायला तीन दिवस. नागपुरात घराखाली मेडिकल असलेल्याला यातलं बरंचसं लागणार नाही.

मांडणी सोपी आहे. औषधाचं नाव, दिवसातून किती वेळा, आज घरात किती गोळ्या, आणि किती उरल्या की सूचना द्यायची, एवढं भरायचं. गोळी घेतल्यावर 'घेतली' दाबलं की आकडा कमी होतो. खरी गोम त्या शेवटच्या आकड्यात आहे. अ‍ॅप तिथे आपणहून 10 भरून ठेवतं आणि बहुतेक लोक तो तसाच राहू देतात. रोज एक गोळी असेल तर 10 म्हणजे दहा दिवस, पण सकाळ-संध्याकाळ घ्यायची असेल तर पाचच. म्हणून आधी दिवस ठरवायचे आणि मग त्याच्या गोळ्या करायच्या.

बीपीची टेल्मिसार्टन 40 सकाळी एक आणि शुगरची मेटफॉर्मिन 500 सकाळ-संध्याकाळ, असं घर धरा. सूचना नेमकी बुधवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आली, तर पुढच्या मंगळवारपर्यंत सहा दिवस गेले. त्या दिवशी दुकानात सांगितलं तर माल शुक्रवारी येतो, पण हातात पडतो त्यानंतरच्या मंगळवारी. म्हणजे आणखी सात. एकूण तेरा दिवस, वर दोन हाताशी, असे पंधरा. टेल्मिसार्टनला 15 आणि मेटफॉर्मिनला 30 हा आकडा टाकायचा.

दुकानदार ओळखीचा असेल आणि चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून गोळ्या मागवून ठेवता येत असतील, तर वाट कमी होते, पण वाटते तितकी नाही. शनिवारी सांगितलं तर मंगळवारी माल मिळतो. रविवारी सांगितलं तर तो बुधवारी येतो, बाजार हुकतो आणि नऊ दिवस जातात. सर्वात वाईट वार धरूनच आकडा ठरवावा, कारण अ‍ॅपला वार कळत नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण गावाजवळचा साधा नालाही एक बाजार बुडवायला पुरतो. मृग लागायच्या आधी आणखी सात दिवस जोडावेत: टेल्मिसार्टन 22, मेटफॉर्मिन 44. महिन्याच्या गोळ्या घेणाऱ्याला इथे शंका येते, की आणल्यावर आठच दिवसांत पुन्हा सूचना येईल. पहिल्यांदा तसंच होईल. त्यासाठी एकदाच सात दिवसांच्या गोळ्या जास्त घ्यायच्या, म्हणजे टेल्मिसार्टनच्या 7 आणि मेटफॉर्मिनच्या 14. पुढे तो साठा घरातच फिरत राहतो आणि खरेदी नेहमीसारखी महिन्याचीच होते. ही जास्तीची भर मात्र अख्ख्या पाकिटांत घ्यावी. कापून दिलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख बऱ्याचदा येत नाही, कारण ती पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते आणि ते टोक दुकानातच राहतं.

आता मोजणी का चुकते ते. अ‍ॅप गोळ्या मोजत नाही, आपण दाबलेलं बटण मोजतं. आजीची संध्याकाळची गोळी देवघराजवळच्या डब्यातून घेतली जाते आणि फोन तेव्हा नातवाच्या खिशात, वावरात असतो. 'घेतली' दाबायचं राहतं. समजा अ‍ॅप मेटफॉर्मिन 34 दाखवतं आणि डब्यात 28 आहेत. डब्यात 30 च्या खाली जाऊनही अ‍ॅप गप्प आहे. ते 30 वर येऊन सूचना देईल तेव्हा घरात 24 असतील, म्हणजे बारा दिवस, आणि वाट तेरा दिवसांची. दोन दिवसांची राखीव तर गेलीच, वर एक दिवस खाडा. आजी म्हणते, "अजून लय हायेत न बाप्पा," आणि फोनही तेच म्हणतो.

म्हणून सोमवारी रात्री, बाजाराच्या आदल्या दिवशी, डबा उघडून मोजावं. न उघडलेली पाकिटं गुणिले पाकिटातल्या गोळ्या, अधिक उघड्या पाकिटातल्या. पाकिटात 10 आहेत की 15 हे दर वेळी पाहावं, कंपनी बदलली की तेही बदलतं. डब्यात कमी निघाल्या तर आधी कोणी चुकून दोनदा तर घेत नाही ना, हे विचारावं. बटणच राहिलं असेल तर अ‍ॅपमधला आकडा दुरुस्त करून मोकळं व्हावं. डब्यात जास्त निघाल्या तर मात्र नुसता आकडा बदलू नये. त्याचा अर्थ 'घेतली' दाबलं पण गोळी घेतली नाही. डॉक्टर शुगर का वाढली म्हणून डोस वाढवायच्या विचारात असताना ही माहिती त्यांना हवी असते. माझ्या मते या सोयीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, जाहिरातीत तो कुठे दिसत नसला तरी.

सूचना न येण्याचं कारण बहुधा अ‍ॅप नसून फोन असतो. बॅटरी वाचवायला फोन मागचं अ‍ॅप झोपवतो. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बॅटरीखाली `Unrestricted` निवडावं, `Alarms & reminders` ची परवानगी द्यावी आणि `Pause app activity if unused` बंद करावं. गावात रेंज नसते, तेव्हा विमान मोड लावून दोन मिनिटांनंतरची एक खोटी वेळ टाकून पाहावी. वाजली तर इंटरनेटवाचून काम चालतं.

नावाबद्दलही एक धोका आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेली आणि मेडिकलमधून आणलेली गोळी दिसायला वेगळी, पण आतलं औषध तेच असू शकतं. अ‍ॅपमध्ये कंपनीच्या नावाने दोन नोंदी झाल्या तर दोन्ही घेतल्या जातात. नोंद औषधाच्या मूळ नावाने, मिलिग्रॅमसकट, एकच ठेवावी.

थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली असेल तर ती दर आठवड्याला ओतून मोजू नये, त्या गोळीला दमटपणा सोसत नाही. 120 ची बाटली 1 जूनला उघडली आणि रोज एक घेतली तर शेवटची गोळी 28 सप्टेंबरला येते. ती तारीख पेनने बाटलीवर लिहावी आणि अ‍ॅपमधला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

चिठ्ठीची मुदत अ‍ॅपला कळत नाही. गोळ्यांची सूचना वेळेवर येते आणि दुकानदार जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या देत नाही, असं होतं. डॉक्टरांकडे जायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये वेगळी टाकावी, तीही सूचनेच्या अपेक्षित दिवसाच्या आधीची. झटक्याच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर पंधरा दिवसांऐवजी महिनाभराची राखीव ठेवता येईल का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावं. या गोळ्या एकाएकी थांबल्या तर त्रास उसळून येतो आणि पुरवायच्या म्हणून अर्ध्या करून घेणंही चालत नाही.