बॉक्सवर ८८ व्होल्ट, चार्जरवर २१

मोबाइलवर जाहिरात दिसली. कॉर्डलेस हॅमर ड्रिल, ८८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, सोबत बिट, सॉकेट, स्क्रू-ड्रायव्हरची टोकं असं सगळं भरलेली पेटी आणि एक वर्षाची वॉरंटी. व्हिडिओत तो माणूस काँक्रीटच्या ठोकळ्यात एका हाताने भोक पाडत होता. पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायचे होते, किंमत बावीसशे. मागवलं.

स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी टांगायची होती. विटेच्या भागात भोकं बरी पडली. वरची ओळ मात्र खिडकीवरच्या लिंटेलमध्ये येत होती, म्हणजे आरसीसी. प्लास्टर संपेपर्यंत बिट गेला आणि तिथेच किंचाळत फिरत राहिला. बाहेर काढला तर टोक निळं पडून गोल झालेलं, आणि बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापलेली.

आमच्या गल्लीत मोटर वायंडिंगचं दुकान आहे. तिथल्या दादांनी मशीनकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "काका, आधी चार्जर उलटा करा." मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: आउटपुट २१ व्होल्ट डीसी. खरं तर तिथेच सगळा खुलासा झाला. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ पर्यंत जातो. २१ ला ४.२ ने भागलं की उत्तर पाच. दादांनी पॅकचे स्क्रू काढून दाखवले, आत पाचच सेल होते. म्हणजे मशीन १८ व्होल्टची. खरोखर ८८ व्होल्ट हवे असतील तर चोवीस-पंचवीस सेल एकामागोमाग जोडावे लागतील. एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा नुसत्या सेलचं वजनच किलोच्या वर जाईल. माझा पॅक खिशात मावत होता.

विक्रेत्याला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, ८८ व्हीएफ हे मॉडेलचं नाव आहे, व्होल्टेज नाही." बॉक्सवर खरंच ८८ पुढे व्ही आणि एफ छापलं होतं. जाहिरातीत मात्र स्पष्ट ८८ व्होल्ट लिहिलं होतं, आणि त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. वॉरंटीचं विचारलं, तर कार्डाच्या मागे बॅटरी, चार्जर, चक, कार्बन ब्रश आणि "ओव्हरलोडने जळालेली मोटर" वगळलेली निघाली. मग वॉरंटी उरते ती प्लास्टिकच्या बॉडीची! कार्डावर सर्व्हिस सेंटरचा पत्ता नव्हता आणि बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नावही नव्हतं. ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

१८ व्होल्ट वाईट असं नाही. चांगल्या बनावटीचं १८ व्होल्टचं ड्रिल लाकूड, पत्रा, विटेची भिंत यांना पुरेसं होतं. फसवणूक आकड्यात आहे, तशीच 'हॅमर' या शब्दातही. जाहिरातीत मिनिटाला वीस हजारांवर ठोके लिहिले होते. अशा इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात, त्यामुळे दात गुणिले वेग केलं की ठोक्यांचा मोठा आकडा मिळतोच. ठोका किती जोराचा, हे त्यातून काहीच कळत नाही. आरसीसीला रोटरी हॅमर लागतो. त्यात हवेच्या दाबाने पिस्टन आपटतो, बिट एसडीएस पद्धतीचा असतो आणि ठोक्याची ताकद जूलमध्ये लिहिलेली असते. लिंटेलची भोकं शेवटी भाड्याच्या रोटरी हॅमरने पाडली. वेगाचंही तसंच आहे. जाहिरातीतला १३५० आरपीएम हा रिकाम्या फिरण्याचा वेग, भिंतीला टेकवल्यावर तो बराच उतरतो.

पेटीतले बिट तर निव्वळ शोभेचे. भिंतीच्या चांगल्या बिटाच्या टोकाला कार्बाइडची वेगळ्या रंगाची पाती बसवलेली असते, जवळून पाहिलं की सांधा दिसतो. माझ्या बिटांचं टोक दांड्याच्याच पोलादाला घासून केलेलं होतं.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवली आहे, स्क्रीनशॉट, पार्सलचं लेबल आणि चार्जरचा फोटो जोडून. पैसे अजून आलेले नाहीत. विक्रेत्याचं पान गायब आहे.

असलं मशीन ज्यांच्या घरी आधीच आलं असेल, त्यांनी ते स्क्रू, लाकूड आणि विटेपुरतंच वापरावं. बिट अडला की लगेच ट्रिगर सोडावा. मोठं भोक पाडताना चकमागची कडी ड्रिलच्या खुणेवर असते, तेव्हा जास्त जोर आल्यावर बिटाला मोटरपासून सोडवणारा क्लच सुटत नाही आणि मशीन मनगटालाच पीळ देतं. तापलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये आणि रात्रभर तर मुळीच ठेवू नये, कारण स्वस्त पॅकमध्ये सेलचं संरक्षण करणारं सर्किट असेलच याची खात्री नसते. पॅक फुगलेला दिसला तर तो पुन्हा चार्ज करू नये, घराबाहेर ठेवावा आणि ई-कचऱ्यात द्यावा.