ट्रिपचा हिशोब: रात्री वेगवेगळ्या, ताट वेगवेगळं, आमचं गुगल शीट आठ-नऊ महिने वापरून काय वाटलं

दिवाळीपासून आमच्या ग्रुपच्या सगळ्या ट्रिपांचा हिशोब आम्ही एकाच गुगल शीटवर करतोय. आधी सरळ "टोटल भागिले माणसं" चालायचं आणि दर वेळी जो कमी राहिला तोच जास्त भरायचा, बोलायचा नाही पण पुढच्या ट्रिपला यायला मागंपुढं करायचा. शीट आल्यापासून ते बंद झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय, कोणाला उचलायचं असेल तर उचला.

उदाहरण म्हणून आमची वेरूळची ट्रिप घेतो. पाच जण, गावाच्या नावानंच ओळखतो एकमेकांना: लातूर म्हणजे मी, परभणी, नांदेड, जालना आणि बीड. खुलताबादकडं एक पूर्ण घर घेतलं, रात्रीला ६००० प्रमाणे शुक्र, शनि, रवि असे १८,०००. शुक्रवारी मी आणि परभणी दोघंच पोचलो, शनिवारी पाचही होतो, बीडवाला रविवारी सकाळीच निघाला, परभणीवाला लेणी बघून रविवारी दुपारी गेला, आणि रविवारची रात्र मी, नांदेड, जालना अशी तिघांनी काढली.

आता घराचे पैसे कसे वाटायचे, इथंच खरी गंमत आहे, कारण दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर वाटतात. पहिली, माणूस-रात्र. माझ्या ३ रात्री, परभणी, नांदेड, जालना प्रत्येकी २, बीडची १, मिळून १०. १८,००० भागिले १० म्हणजे एका माणसाला एका रात्रीचे १८००. दुसरी पद्धत, प्रत्येक रात्र वेगळी धरायची आणि त्या रात्री जे होते त्यांनी ती वाटून घ्यायची. मग शुक्रवारचे दोघांना तीन-तीन हजार, शनिवारचे पाच जणांना १२००, रविवारचे तिघांना दोन-दोन हजार. बीडवाल्याला पहिल्या पद्धतीनं १८०० पडतात, दुसरीनं १२००. मला पहिलीनं ५४०० आणि दुसरीनं ६२००. परभणीला ३६०० च्या जागी ४२००, आणि नांदेड-जालन्याला मात्र उलट, ३६०० चे ३२०० होतात.

तर कोणती घ्यायची? माझं मत असं की खोली कशामुळं एवढी मोठी घेतली ते बघा. आम्ही पाच जण येणार म्हणून तीन बेडरूमचं घर घेतलं होतं, शुक्रवारी आम्हा दोघांना त्याची काही गरज नव्हती, एक साधी रूम पुरली असती. मग त्या रिकाम्या खोल्यांचे पैसे आम्ही दोघांनीच का भरायचे? अशा वेळी माणूस-रात्र पद्धत. पण लॉजवर जशी माणसं आली तशा रूम घेतल्या असतील, तर ज्या रात्रीचं बिल त्या रात्रीच्या लोकांनी भरावं. हे बुकिंग करतानाच ग्रुपवर टाकायचं, परत आल्यावर टाकलं की प्रत्येकाला आपल्याला स्वस्त पडणारी पद्धतच न्यायाची वाटते.

जेवणाचं रात्रींशी काही घेणं नाही, ते वेगळं धरा. परभणीवाला रविवारी रात्री नव्हता पण दुपारी आमच्यासोबत जेवला आणि लेणीही बघितली, त्यामुळं रात्रींवरून जेवण लावलं असतं तर त्याची एक दुपार फुकट गेली असती. शनिवारी रात्रीचं बिल २६०० होतं, त्यात मटण हंडी १५००. परभणी आणि नांदेड शनिवार पाळतात, खात नाहीत, म्हणून हंडी तिघांत, ५०० प्रमाणे. भाकरी, आमटी, भात सगळ्यांनी खाल्लं त्याचे ११००, पाच जणांत २२०. हॉटेलात एकच बिल आलं तरी शीटमध्ये दोन ओळी करायच्या, एवढीच युक्ती आहे. वेरूळचं तिकीट माणशी ४० प्रमाणे चौघांचं १६० आणि रविवारचं दुपारचं जेवण ८००, हे पण चौघांतच.

डिझेलचं जरा बघून. नांदेडवाला गाडी घेऊन येणारच होता, त्यानं जालन्यावरून एकाला घेतलं आणि सोमवारी जाताना सोडलं. जालना ते वेरूळ जाऊन-येऊन साधारण १८० किमी, किलोमीटरला ८ रुपये धरले, १४४० झाले, आणि फक्त तेवढेच दोघांत वाटले. नांदेड ते जालना त्याचा त्यानं भरला. बाकी आम्ही आपापल्या सोयीनं पोचलो, ते शीटमध्ये घेतलंच नाही.

शीटची मांडणी अशी: A मध्ये खर्च, B मध्ये कोणी भरला, C मध्ये रक्कम, D ते H पाच माणसं. घराच्या ओळीत रात्री लिहायच्या (३, २, २, २, १), बाकी ओळीत जो सामील त्याला १, नसेल त्याला ०. I मध्ये एका वाट्याचा दर, मग खाली प्रत्येकाचा वाटा आणि त्याच्याखाली देणं-घेणं:

```
I2:  =C2/SUM(D2:H2)
D9:  =SUMPRODUCT($I$2:$I$7,D$2:D$7)
D10: =SUMIF($B$2:$B$7,D$1,$C$2:$C$7)-D9
```

I2 खाली ७ पर्यंत ओढायचा, D9 आणि D10 उजवीकडं H पर्यंत. १० नंबरची ओळ प्लस आली तर घेणं, मायनस आली तर देणं. दुसऱ्या पद्धतीनं घर वाटायचं असेल तर घराची एक ओळ काढून सहा-सहा हजाराच्या तीन ओळी करा आणि हजर असणाऱ्यांना १ द्या (मग खालचे ओळीचे नंबर बदलतील तेवढं बघा), बाकी काहीच बदलत नाही.

आमचं एकूण २३,००० होतं. वाटे निघाले मी ६३६०, परभणी ४०६०, नांदेड ४७८०, जालना ५२८०, बीड २५२०. घर मी भरलं होतं, शनिवारचं जेवण जालन्यानं, तिकीट आणि दुपारचं परभणीनं, डिझेल नांदेडनं. शेवटी सगळ्यांनी मलाच द्यायचे निघाले: परभणी ३१००, नांदेड ३३४०, जालना २६८०, बीड २५२०. चार यूपीआय, विषय संपला. जुन्या हिशोबानं बीडवाल्याला ४६०० पडले असते, एका रात्रीचे.

चूक कशी ओळखायची? १० नंबरच्या ओळीची बेरीज शून्य यायला पाहिजे. आली नाही तर बहुतेक B मधलं नाव आणि वरचं नाव जुळत नसतं, नावामागं एक स्पेस पडली तरी SUMIF ला तो दुसराच माणूस वाटतो आणि त्यानं भरलेले पैसे गायब होतात. म्हणून B मध्ये ड्रॉपडाउन लावून टाका. पण बेरीज शून्य आली म्हणजे सगळं बरोबर असंही नाही. मटणाच्या ओळीत न खाणाऱ्याला चुकून १ पडला तरी बेरीज शून्यच येते, ते डोळ्यानंच बघावं लागतं. म्हणून पैसे मागायच्या आधी शीट ग्रुपवर टाकतो आणि एक दिवस ठेवतो. घराचं डिपॉझिट शीटमध्ये घेऊ नका, ते परत येणारे पैसे आहेत.

एक गोष्ट शीटनं सुटत नाही, ऐनवेळी न येणारा. मागं एकजण आदल्या संध्याकाळी म्हणाला, "मी आलोच नाही तर माझ्याकडून कशाचे पैसे मागूलालास?" आता आमचं ठरलंय की कॅन्सल केल्यावर पैसे परत मिळायची मुदत असते तोपर्यंत सांगितलं तर ०, नंतर सांगितलं तर घराच्या ओळीत त्याच्या कबूल केलेल्या रात्री तशाच राहतात, जेवणाच्या ओळींत मात्र ०. बीडवाल्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, तो म्हणतो अर्धंच घ्या. पुढच्या बुकिंगच्या आधी त्यावर बसायचंय.