दर क्लिकला 8 रुपये: आमच्या शिबिराचे 47,200 रुपये असे गेले

तळोद्यात सिकलसेल तपासणीचं मोफत शिबिर होतं. आमचा ट्रस्ट लहान, सगळा पैसा लोकवर्गणीचा. तळोदा, शहादा, अक्कलकुवा भागातल्या लोकांच्या फोनवर तारीख आणि जागा पोहोचावी, एवढंच हवं होतं. फेसबुकच्या जाहिरातीसाठी एका एजन्सीने दोन दर दिले : हजार वेळा दिसली की 160 रुपये, नाहीतर दर क्लिकला 8 रुपये.

एजन्सीचा माणूस गोड बोलला. "भाऊ, नुसतं बघणाऱ्याचे पैसे कशाला देता? जो क्लिक करेल त्याचेच द्या." वर्गणीचा पैसा सांभाळणाऱ्या कुणालाही हे पटलं असतं. 5,000 क्लिकचे 40,000 आणि 18 टक्के जीएसटीचे 7,200, असे 47,200 रुपये आगाऊ भरले.

आम्ही दिलेल्या चित्रात तारीख ठळक होती. त्यांनी ती चित्रातून काढली आणि लांबलचक मजकुराच्या अगदी शेवटी टाकली. मी विचारलं तर म्हणाला, "चित्रात जास्त अक्षरं असली की जाहिरात चालत नाही." तिथेच थांबवायला हवं होतं! आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. मजकूर लांब असला की फेसबुक त्याच्या दोन-तीन ओळीच दाखवतं. पुढचं वाचायला "आणखी पहा" दाबावं लागतं. ते दाबणंही क्लिकच मोजलं जातं. चित्र मोठं करून पाहिलं, लाइक दिली, कॉमेंट केली, तरी क्लिक. जाहिरातीखाली लोक विचारत होते, "कव्हय शे शिबिर?" तारीख विचारणाऱ्या त्या प्रत्येक माणसाचेही आमच्याकडून 8 रुपये घेतले गेले.

अहवालातले आकडे देतो. Impressions, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली, 62,500, Clicks (all) 5,000, Link clicks 412. म्हणजे नोंदणीच्या लिंकवर पडलेले क्लिक 412, आणि बिल 5,000 चं. पाठवणारा पोरगा स्क्रीनशॉटमधला एक रकाना कापायला विसरला : Amount spent 6,250 रुपये. फेसबुकने एजन्सीकडून दिसण्याचेच पैसे घेतले होते, हजाराला 100 रुपये. क्लिकचा दर फक्त आमच्यासाठी होता.

आता हिशोब बघा. 160 ला 8 ने भागलं की 20. हजारात 20 पेक्षा जास्त क्लिक पडले की क्लिकचा सौदा महाग. आमच्या जाहिरातीवर हजारामागे 80 क्लिक पडले, तेही मुद्दाम पाडलेले. तेवढ्याच दिसण्याचे 160 च्या दराने 10,000 रुपये झाले असते. आम्ही मोजले 40,000. उलट 40,000 मध्ये 2,50,000 वेळा जाहिरात दिसली असती. वर 5,000 क्लिक भरताच त्यांनी जाहिरात बंद केली, शिबिराला सहा दिवस बाकी असताना. त्यांचं काम क्लिक भरले तिथे संपलं, आणि आमची गरज तर शेवटच्या आठवड्यातच होती.

जिथे चित्र बघूनच निरोप पोहोचतो तिथे क्लिकचा दर घेऊच नका. माणसाने फॉर्म भरायचा असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर नाव नोंदवायचं असेल, तर क्लिकचा दर ठीक. पण करारात "क्लिक म्हणजे फक्त Link clicks" हे लिहून घ्या. दिसण्याच्या दरातही गाफील राहू नका. Reach किती, म्हणजे वेगवेगळी माणसं किती, ते विचारा. आमच्या 62,500 मध्ये माणसं होती 14,200, सरासरी एकेकाला चार-साडेचार वेळा. हाच आकडा पंधरा-वीस निघाला तर त्याच त्या लोकांवर पैसे उडतायत.

तक्रारीला गेलो तर पोलीस ठाण्यात ऐकवलं, "क्लिक ठरले होते, क्लिक मिळाले. हा दिवाणी वाद आहे." सायबर कक्षाकडे गेलो तर म्हणाले, तुम्ही स्वखुशीने पैसे पाठवलेत, खातं हॅक झालेलं नाही, पोलीस ठाण्यात जा. मी तिथूनच आलो होतो! Clicks (all) आणि Link clicks यातला फरक समजावायला छापलेला अहवाल टेबलावर ठेवला, साहेबांनी उचलूनही पाहिला नाही. ऑनलाइन तक्रार टाकली, ती काही विचारपूस न करता बंद. हातात बंदूक घेऊन लुटलं तरच गुन्हा समजायचा का? लोकांनी पन्नास-शंभर करून दिलेले पैसे आहेत हे. ट्रस्टच्या बैठकीत हिशोब वाचताना मान वर करता आली नाही. करार वाचून सही केली होती. त्यात क्लिक या शब्दाची व्याख्याच नव्हती, आणि ती मागायची असते हे आम्हाला कोण सांगणार होतं?

जाहिरातीचं खातं स्वतःच्या ट्रस्टच्या किंवा दुकानाच्या नावाने उघडा, कार्ड आपलं जोडा आणि एजन्सीला त्यात फक्त काम करायची परवानगी द्या. मग Amount spent रोज तुम्हालाच दिसेल, स्क्रीनशॉटची वाट बघावी लागणार नाही. खातं दाखवायला जो कां-कू करेल त्याला आगाऊ रुपयाही देऊ नका. शिरपूर-चोपड्याकडच्या दोन संस्थांना हाच 8 रुपयांचा दर आल्याचं कळलंय. सही करण्याआधी एजन्सीकडून एकच गोष्ट लेखी घ्या : बिल कुठल्या रकान्यावर लावणार.